कापसाचा पैसा आणि घरकर्ज: हप्त्याच्या शीटच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

पारोळ्याच्या दादाचं घरकर्ज मंजूर झालंय. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. नोकरी धुळ्यात, शेती गावाकडे, कापूस दरवर्षी. रक्कम १२ लाख, दर ९ टक्के, तोही बदलता, मुदत १५ वर्षं. पहिला हप्ता जानेवारीत. मंजुरीपत्रात हप्ता लिहिलाय, पण एकूण व्याज किती जाणार ते कुठेच नाही. दादाचा प्रश्न सरळ आहे: पगारातून हप्ता जाईल, मग डिसेंबरात कापूस विकल्यावर थोडे जास्तीचे पैसे भरले तर फरक किती पडतो?

याला अॅप डाउनलोड करायची गरज नाही. स्प्रेडशीट पुरते, आणि शीटमध्ये प्रत्येक महिन्याची ओळ डोळ्यांसमोर राहते. पुष्कळ अॅप फक्त शेवटचा आकडा दाखवतात, तो कसा आला ते विचारायची सोय नसते.

वरच्या तीन पेशींत माहिती भरली. `B1` मध्ये 1200000, `B2` मध्ये 9%, `B3` मध्ये 15. बाकी सगळं यांच्यावरून निघालं पाहिजे. सूत्राच्या आत आकडा लिहायचा नाही, एवढा एकच नियम ठेवलाय. दर बदलला तर एका पेशीत बदलायचा आणि खालचं आपोआप बदलू द्यायचं.

५ नोव्हेंबर

हप्त्याचं सूत्र टाकलं. एक्सेल, गुगल शीट्स, लिब्रेऑफिस, तिन्हीकडे हेच चालतं.

```
B4:  =-PMT(B2/12, B3*12, B1)
B5:  =B4*B3*12-B1
```

`PMT` ला तीन गोष्टी लागतात: एका हप्त्याच्या काळाचा दर, एकूण हप्ते, आणि आज हातात आलेली रक्कम. हप्ता महिन्याचा आहे, म्हणून दर १२ ने भागायचा आणि वर्षं १२ ने गुणायची. पुढचं उणे चिन्ह अशासाठी की शीट पैशाची दिशा पाहते. कर्जाची रक्कम आपल्याकडे आली ती अधिक, हप्ता आपल्याकडून जातो तो उणे. चिन्ह लावलं नाही तरी उत्तर बरोबरच असतं, फक्त उणे दिसतं आणि पुढच्या बेरजा-वजाबाक्यांत घोळ होतो.

उत्तर आलं १२,१७१.२० रुपये. `B5` मधलं एकूण व्याज ९,९०,८१६.

हा आकडा बरोबर आहे का, हे कागदावर ताडून बघायची सोपी रीत आहे. पहिल्या महिन्याचं व्याज तोंडी निघतं: १२ लाखांचे ९ टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार, महिन्याला ९,०००. हप्ता ९ हजारांपेक्षा जास्त असायलाच हवा, नाहीतर मुद्दल कधी फिटणारच नाही. दुसरीकडे, १२ लाखांचे १८० सारखे भाग केले तर प्रत्येक भाग ६,६६७ चा. त्यात पहिल्या महिन्याचं पूर्ण व्याज मिळवलं तर १५,६६७. हप्ता याच्या वर जाऊ शकत नाही, कारण व्याज पुढे कमीच होत जातं. ९,००० आणि १५,६६७ यांच्यामध्ये १२,१७१ बसतो. ठीक आहे.

या दोन आकड्यांच्या कुंपणाबाहेर उत्तर गेलं की चूक कुठे झाली तेही कळतं. `B2` मध्ये टक्क्याचं चिन्ह न देता नुसता 9 टाकला तर हप्ता ९ लाखांचा येतो, कारण शीट ९ म्हणजे ९०० टक्के समजते. 12 ने भागायचं राहिलं तर १ लाख ८ हजार येतो. ते तर वर्षाचं व्याजच आहे, आकडा बघताक्षणी ओळखू येतं. वर्षं 12 ने गुणायची राहिली तर मात्र जरा फसायला होतं. १५ हप्त्यांत १२ लाख म्हणजे हप्ता ८० हजारांच्या पुढे जातो, तो दिसायला अगदीच वेडगळ नसतो. कुंपण लावून बघितलं की तोही सापडतो.

आकडे लाख-हजारांत दिसावेत म्हणून पेशींना हे फॉरमॅट दिलं. नाहीतर 990,816 असं दिसतं आणि वहिनींना पुन्हा मोजावं लागतं.

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

९ नोव्हेंबर

आज महिन्यांचा तक्ता. जास्तीचे पैसे कुठे आणि कधी पडले याचा हिशोब नुसत्या `PMT` ने होत नाही, त्याला ओळी लागतात. आठव्या ओळीत शीर्षकं आणि नवव्या ओळीपासून पहिला महिना. रकाने असे: `A` महिना, `B` सुरुवातीची बाकी, `C` व्याज, `D` हप्ता, `E` जास्तीचा भरणा, `F` शेवटची बाकी.

```
B9:   =$B$1
C9:   =B9*$B$2/12
D9:   =MIN($B$4, B9+C9)
F9:   =B9+C9-D9-E9
B10:  =F9
```

`A9` पासून खाली 1, 2, 3 असे महिने, `B10` मधलं सूत्र तसंच खाली ओढायचं, बाकीचेही. मुदत १८० महिन्यांची असली तरी मी २४० ओळी ओढल्या. कारण पुढे येईलच.

`MIN` शेवटच्या हप्त्यासाठी आहे. बाकी आणि व्याज मिळून पाचच हजार उरले असतील तर १२,१७१ घेऊ नयेत, पाचच हजार घ्यावेत. हे नसलं तर तक्ता शून्याखाली घसरतो आणि बँकच आपलं देणं लागते असं दिसायला लागतं.

बाजूला दोन बेरजा ठेवल्या.

```
H1:  =SUM(C9:C248)
H2:  =COUNTIF(D9:D248,">1")
```

`H1` मध्ये प्रत्यक्ष व्याज, `H2` मध्ये किती हप्ते गेले. मोजणीत शून्याऐवजी 1 लिहिला, कारण १८० व्या ओळीच्या शेवटी कधी कधी पैशाचा कोट्यवधीवा भाग उरतो (संगणकाची दशांश मोजण्याची रीतच तशी) आणि मग शीट १८१ हप्ते दाखवते.

जास्तीचा भरणा काहीच नसताना `H1` आणि `B5` जुळले: ९,९०,८१६. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, आता तक्त्यावर विश्वास ठेवता येईल.

संध्याकाळी दादाला फोनवर पहिली ओळ वाचून दाखवली. हप्ता १२,१७१, त्यातले ९,००० व्याजात, मुद्दलात फक्त ३,१७१. दुसऱ्या महिन्यात व्याज ८,९७६, मुद्दल ३,१९५. म्हणजे महिन्याभरात मुद्दलाचा वाटा वाढला तो चोवीस रुपयांनी. पहिल्या वर्षात दादा एकूण १,४६,०५४ भरणार, त्यातले १,०६,३९० व्याज. बारा लाखांतून वजा होणार ते ३९,६६४.

मागून मामांचा आवाज आला: "इतलं व्याज?"

तक्त्यात खाली खाली जात मी एक जागा शोधली, जिथे हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा पहिल्यांदा मोठा होतो. ती ओळ ८९ व्या महिन्याची निघाली. सात वर्षं उलटल्यावर. बँक यात काही लबाडी करत नाही. बाकी मोठी असते तेव्हा व्याज मोठं असणारच, आणि हप्ता सारखा ठेवायचा म्हटल्यावर मुद्दलाच्या वाट्याला उरेल तेवढंच येणार. पण जास्तीचे पैसे कधी भरावेत याचं उत्तर याच ओळीत आहे.

१४ नोव्हेंबर

शीटची प्रत काढून तिला `एकदाच` नाव दिलं. मूळ तक्त्यातल्या `E` मध्ये हाताने आकडे टाकत गेलं की कुठला प्रयोग कुठे केला ते नंतर सापडत नाही.

पहिला प्रयोग: १२ व्या महिन्याच्या शेवटी, म्हणजे पहिल्या कापसाच्या वेळी, एकरकमी १ लाख. बारावा महिना विसाव्या ओळीवर आहे, म्हणून `E20` मध्ये 100000.

`F20` ११,६०,३३६ वरून १०,६०,३३६ वर आला, आणि तेराव्या महिन्याचं व्याज ८,७०३ वरून ७,९५३ वर. बरोबर ७५० रुपये कमी, लाखाचं महिन्याचं व्याज. हप्ता मात्र तोच आहे, १२,१७१. मग हे ७५० जातात कुठे? मुद्दलात. चौदाव्या महिन्यात बाकी आणखी कमी, म्हणून व्याज ७५० पेक्षा जास्त घटतं आणि तेही मुद्दलात जातं. हीच गोष्ट दर महिन्याला होत राहते.

शेवटी `H2` मध्ये १५४ दिसलं. १८० च्या जागी १५४, म्हणजे २६ हप्ते कमी. `H1` मध्ये ७,७१,९६८. वाचलेलं व्याज २,१८,८४८.

तक्त्याशिवाय पडताळा घ्यायचा तर `NPER` आहे. बाकी, दर आणि हप्ता दिला की किती हप्ते उरले ते सांगतं.

```
=NPER(B2/12, -B4, F20)
```

उत्तर १४१.८०. म्हणजे पूर्ण १४१ आणि एक लहानसा. त्यात आधीचे १२ मिळवले की १५४. जुळलं.

आता तेच १ लाख दहा वर्षांनी, १२० व्या महिन्यात. `E20` रिकामा केला, `E128` मध्ये 100000 टाकले. हप्ते कमी झाले १२. व्याज वाचलं सुमारे ५०,०००.

रक्कम तीच आणि दरही तोच, तरी वाचलेलं व्याज चौपटीहून जास्त. कारण पहिल्या वेळी त्या लाखाने पुढची बारा-चौदा वर्षं व्याज अडवलं, दुसऱ्या वेळी जेमतेम चारच वर्षं त्याच्या हाताशी होती. "शेवटी शेवटी एकदम भरून टाकू" म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. शेवटी भरण्यात चूक काही नाही, पण तोवर बहुतेक व्याज बँकेकडे जाऊन झालेलं असतं.

१६ नोव्हेंबर

दादा-वहिनी धुळ्याहून आले होते. लॅपटॉपवर शीट दाखवली. वहिनींनी लगेच विचारलं की जास्तीचे पैसे भरले तर हप्ता कमी का होत नाही? त्यांच्या दृष्टीने महिन्याचा खर्च हीच खरी गोष्ट. शाळेची फी, पेट्रोल, किराणा, सगळं महिन्याच्या पगारात बसवायचं.

प्रश्न रास्त आहे, कारण जास्तीचा भरणा केल्यावर रस्ते दोन असतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. आतापर्यंत शीट पहिल्या रस्त्याने चालत होती. दुसऱ्यासाठी १२ व्या महिन्यानंतरची बाकी घेऊन उरलेल्या १६८ महिन्यांचा नवा हप्ता काढला (`E20` मध्ये 100000 परत टाकून):

```
=-PMT(B2/12, 168, F20)
```

नवा हप्ता ११,१२२. महिन्याला १,०४९ रुपये सुटले. १६८ महिन्यांचे होतात १,७६,२२१. त्यातून भरलेले १ लाख वजा केले की व्याजात खरी बचत ७६,२२१.

पहिल्या रस्त्याने २,१८,८४८, दुसऱ्याने ७६,२२१. लाख तोच, भरण्याची तारीख तीच.

दादाचं बोट दोन आकड्यांमध्ये फिरत होतं. "हाऊ आकडा काय शे? बँक आपल्याकडून जास्त घेते का यात?"

नाही. दुसऱ्या रस्त्यात दर महिन्याला १,०४९ रुपये आपल्या खिशात परत येतात, पहिल्यात ते कर्जातच राहून आणखी व्याज अडवतात. ते १,०४९ वहिनींनी दर महिन्याला बाजूला काढून कर्जातच भरले, तर दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचतात. फरक फक्त पैसा कुणाच्या हाताखाली राहतो एवढाच. आणि महिन्याच्या हजाराचं घरात काय होतं, हे वहिनींनीच हसून सांगितलं.

तरी दुसरा रस्ता मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पगार आटला, दवाखाना लागला, तर १२,१७१ पेक्षा ११,१२२ चा हप्ता पेलायला सोपा. शेतीवर अर्धं घर चालतं तिथे ही सोय व्याजापेक्षा मोलाची ठरू शकते. दादाची नोकरी पक्की आहे, म्हणून त्यांनी मुदत कमी करायचं ठरवलं.

मात्र ठरवून गप्प बसायचं नाही. पैसे भरताना बँकेला लेखी सांगायचं की हा भरणा मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नाहीतर बँकेची जी नेहमीची पद्धत असेल ती लागू होते. कधी तर जास्तीची रक्कम नुसतीच पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून जमा होते, आणि पुढचे सात-आठ महिने हप्ता कापलाच जात नाही. भरल्यावर कर्जखात्याचा उतारा घ्यायचा आणि त्याच दिवशी बाकी पूर्ण रकमेने उतरली का ते बघायचं. पुढच्या महिन्याला नेहमीचा हप्ता कापला गेला का, तेही. दोन्ही झालं असेल तर पैसे योग्य जागी पडले.

दंडाची भीती दादाला होती. बदलत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच सांगितलेलं आहे. स्थिर दराचं कर्ज असेल तर करार वाचावा लागतो.

२२ नोव्हेंबर

एकरकमी लाख हे उदाहरण म्हणून ठीक. खरी परिस्थिती अशी की दर डिसेंबरात थोडे थोडे जमतील. दादा म्हणाले, ३० हजार धर. २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावाने (लांब धाग्याच्या कापसाला) ते सुमारे पावणेचार क्विंटलचे पैसे झाले. वर्ष बरं गेलं तर जड नाही.

मूळ तक्त्याच्या `B6` मध्ये 30000 टाकले आणि `E` रकान्यात सूत्र:

```
E9:  =IF(MOD(A9,12)=0, MIN($B$6, B9+C9-D9), 0)
```

महिन्याच्या क्रमांकाला १२ ने भाग गेला की भरणा, एरवी शून्य. पहिला हप्ता जानेवारीत असल्यामुळे प्रत्येक बारावा महिना डिसेंबर येतो. `MIN` इथेही हवा, नाहीतर शेवटच्या वर्षी बाकी असेल त्यापेक्षा जास्त भरलं जाईल.

निकाल: १३१ हप्त्यांत कर्ज फिटतं, ४९ हप्ते आधी. एकूण व्याज ६,८८,०५०. दहा डिसेंबरांत मिळून ३ लाख भरले आणि व्याजाचे ३,०२,७६६ वाचले.

हा आकडा बघून दादा खूश झाले. मला मात्र कापसाची खात्री वाटेना. बोंडअळी, अवकाळी, पडलेला भाव, दहा वर्षं सलग ३० हजार कोण देऊ शकतं? म्हणून आणखी एक प्रत काढली आणि त्यात फक्त पहिली पाच वर्षं भरणा ठेवला, सहाव्यापासून शून्य.

इथे जे दिसलं ते या सगळ्या शीटमधलं मला सर्वांत कामाचं वाटतं. फक्त पहिल्या पाच वर्षांच्या दीड लाखाने व्याज वाचलं २,४३,५१५ आणि कर्ज १४८ हप्त्यांत फिटलं. म्हणजे पुढच्या पाच वर्षांच्या दुसऱ्या दीड लाखाने वाचवले ते फक्त ५९,२५१. भरणा सारखाच, पण ऐंशी टक्के बचत पहिल्या निम्म्यातच झाली होती.

याचा दादासाठी सरळ अर्थ असा. आठव्या वर्षी कापूस गेला आणि काही भरता आलं नाही, तर फारसं बिघडत नाही. पहिल्या दोन-तीन डिसेंबरांत मात्र ट्रॅक्टरचं नवं अवजार, लग्नातला आहेर, मोबाइल, यांत पैसे फिरले तर ती बचत नंतर दुप्पट भरूनही सहज परत येत नाही.

२३ नोव्हेंबर

मामांनी मुद्द्याचं विचारलं. कापसाचा पैसा आला की सगळा घरकर्जात घालायचा का?

नाही. घरकर्जात घातलेला रुपया ९ टक्के कमावतो, ना कमी ना जास्त. म्हणून ज्या देण्याचा दर ९ पेक्षा जास्त, ते आधी. कृषी केंद्राची बियाण्या-खताची उधारी शेकडा दोन रुपये महिन्याने असेल तर ती वर्षाला २४ टक्क्यांची झाली. ती उभी ठेवून घरकर्जात ३० हजार भरणं म्हणजे एका खिशात ९ कमवून दुसऱ्या खिशातून २४ घालवणं.

पीककर्जाचं गणित उलटं आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं आणि मुदतीत फेडलं की ३ टक्क्यांची सूट, म्हणजे पडतं ४ ला. राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेतून मुदतीत फेडणाऱ्याला आणखी सवलत आहे. इतकं स्वस्त कर्ज घाईने मुदतीआधी फेडायची गरज नाही, पण मुदत चुकली की सवलत जाते. म्हणून त्याची रक्कम डिसेंबरातच बाजूला काढून ठेवायची, आणि मगच घरकर्जाचा विचार.

मामांनी मान हलवली. वही काढून तीन ओळी लिहिल्या: उधारी, सोसायटी, घर. त्यांची शीट तीच.

३० नोव्हेंबर

शीट आणि बँकेचा उतारा पैशापैशाने जुळणार नाहीत, हे दादाला आधीच सांगून ठेवलं. नाहीतर फेब्रुवारीत फोन येणार की तुझं गणित चुकलं.

एक कारण पूर्णांकाचं. बँक १२,१७१.२० घेत नाही, बहुधा पुढच्या रुपयावर नेऊन १२,१७२ घेते. हप्त्याला ८० पैसे जास्त जातात, आणि त्यामुळे १८० वा हप्ता सुमारे ३०३ रुपयांनी लहान निघतो. तुलनेसाठी मी पैसे तसेच ठेवले. बँकेशी ताडायचं असेल तेव्हा `B4` मध्ये `=ROUNDUP(-PMT(B2/12,B3*12,B1),0)` करायचं.

दुसरं कारण मोठं आहे. माझं सूत्र वर्षाचं व्याज बारा सारख्या भागांत वाटतं. पुष्कळ बँका रोजच्या बाकीवर, दिवस मोजून व्याज लावतात. ११,६०,३३६ च्या बाकीवर माझ्या तक्त्यात महिन्याचं व्याज ८,७०३ येतं. दिवसांच्या हिशोबाने ३१ दिवसांच्या जानेवारीत ८,८६९ येईल आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ८,०११. वर्षभरात हे बरंचसं समतोल होतं, पण एकेका महिन्यात शे-दीडशे ते सहा-सातशेचा फरक दिसेल. उताऱ्यातलं व्याज लांब महिन्यात वर आणि फेब्रुवारीत एकदम खाली दिसलं, तर बँक दिवस मोजते हे ओळखायचं. दर महिन्याला फरक एकाच बाजूला पडत असेल, तर मात्र दर तपासायचा. बहुतेक वेळा तो बदललेला असतो.

रोजच्या बाकीवर व्याज असेल तर एक फायदाही आहे. कापसाचे पैसे ३ डिसेंबरला खात्यात आले तर ३१ ची वाट बघायची नाही. ३० हजारांचं दिवसाचं व्याज ७ रुपये ४० पैसे. फार नाही, पण बचत खात्यात पडून राहण्यापेक्षा बरं, आणि खर्च व्हायची धास्ती नाही.

६ डिसेंबर

शेवटचं काम दर बदलण्याचं. कर्ज बदलत्या दराचं आहे, म्हणून `B2` मधला ९ टक्के पंधरा वर्षं टिकणार नाही. तो वरच बदलला तर जुन्या महिन्यांचाही दर बदलेल, जे झालेलंच नाही. म्हणून `G` रकाना वाढवला.

```
G9:   =$B$2
G10:  =G9
C9:   =B9*G9/12
```

`G10` आणि `C9` खाली ओढले. आता ज्या महिन्यापासून दर बदलेल त्या ओळीत `G` मध्ये नवा दर टाकायचा, खालच्या सगळ्या ओळी तो घेतात. वरच्या तशाच राहतात.

प्रयोगासाठी जास्तीचा भरणा शून्य केला आणि तेराव्या महिन्यापासून, `G21` मध्ये, 9.5% टाकले. हप्ता तोच. उरलेले १६८ हप्ते १७९ झाले. २४० ओळी ओढल्या होत्या त्या यासाठी. १८० वर थांबलो असतो तर बाकी उभीच दिसली असती आणि `H1` मधलं व्याज खोटं कमी आलं असतं.

दर अर्ध्या टक्क्याने वाढला की हप्ता न वाढवता मुदत वाढते, आणि खात्यातून कापली जाणारी रक्कम तीच असल्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, याची निवड कर्जदाराला द्यायची आहे, आणि त्याचा परिणाम कळवायचाही आहे. असा संदेश आला तर न वाचता पुसू नका, एवढं वहिनींना सांगितलं. दादाच्या फोनमध्ये सगळे संदेश न वाचताच असतात.

मग `E20` मध्ये पहिल्या डिसेंबरचे 30000 टाकून बघितले, दर साडेनऊच ठेवून. उरलेले हप्ते १६९. म्हणजे वाढलेल्या अकरांपैकी दहा हप्ते पहिल्या कापसाच्या भरण्याने खाऊन टाकले. अर्ध्या टक्क्याची वाढ आणि पावणेचार क्विंटल कापूस जवळपास बरोबरीत सुटतात, कर्ज मात्र लवकर फिटत नाही.

दादाला हे दाखवल्यावर त्यांनी `B6` मध्ये 30000 च्या जागी 40000 करून बघितले, मग 35000. पहिल्या दोन वर्षांचा आकडा कापूस जिनिंगला गेल्यावर ठरवू म्हणाले. शीट त्यांच्या खात्यावर टाकली, `E` रकान्यातली सूत्रं चुकून पुसली जाऊ नयेत म्हणून तो रकाना लॉक केला, आणि प्रत्यक्ष भरण्यासाठी `भरणा` नावाची एक वेगळी प्रत ठेवली, ज्यात `E` हाताने भरायचा.